प्रतिसाद: गोधडीची मजुरी आणि बारशाची गिऱ्हाइके
‘जुन्या साड्या फुकटच मिळतात, मग गोधडीचे इतके पैसे कसे सांगायचे?’

मी तास वहीत लिहून ठेवते. बाळाच्या 3 फूट बाय अडीच फुटांच्या गोधडीला बोटभर अंतराने हाताने धावदोरा घालायला मला 16 तास लागतात. तासाला 80 रुपये धरले तरी मजुरीच 1280 होते, दोरा आणि अस्तर जेमतेम 150 चे. प्रदर्शनात एवढे कोणी देत नाही; परंतु कोथरूडच्या एका आजींनी नातवाच्या बारशासाठी स्वतःचीच सुती इरकल आणून दिली, तेव्हा त्यांनी मुळीच घासाघीस केली नाही. अशी साडी आधी उजेडासमोर धरून पाहावी; घडीवर विरलेला भाग आतल्या थरात घालावा, कारण वर घेतल्यास तो धुताना टाक्यापाशीच फाटतो.