पावसाळ्यात होलो कार्डं वाकतात: स्लीव्ह, टॉपलोडर, डबा याबद्दल सल्ला हवा

होलो_९९
१९९९ च्या इंग्रजी बेस सेटची आणि नंतरची मिळून साधारण चाळीस पोकेमॉन होलो कार्डं आहेत. राहायला डोंबिवलीत. सगळी साध्या पेनी स्लीव्हमध्ये घालून टॉपलोडरमध्ये ठेवली आहेत, आणि टॉपलोडर एका तीन लिटरच्या क्लिपवाल्या हवाबंद डब्यात. तरीही जुलैपासून कार्डं वाकायला लागली आहेत. साधी कार्डं सरळ, फक्त होलो वाकतात. डबा बंद असताना दमट हवा येते कुठून? त्यातली दोन कार्डं भिंतीवर लावायची आहेत, त्याबद्दलही सांगा.

गंगाधरपंत
माझ्या मते सरळ लॅमिनेट करून घ्या. आमच्याकडची सगळी जुनी प्रमाणपत्रं लॅमिनेट केलेली आहेत, एकालाही ओल लागलेली नाही. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे होतं.

पुठ्ठा_आणि_शाई
पंत, प्रमाणपत्राची किंमत त्यावरच्या मजकुरात असते. इथे किंमत मूळ पृष्ठभागाची आणि कडांची आहे. लॅमिनेशनचा गोंद उष्णतेने कार्डाला कायमचा चिकटतो, मग ते कार्ड कोणी संग्राहक घेणार नाही. कृपया कोणीही करू नका.

होलो_९९, आधी एक तपासणी करा. कार्ड चित्र वर करून काचेवर ठेवा. कडा वर उचलल्या असतील तर कार्डात ओलावा जास्त आहे. कडा टेकून मध्यभाग फुगला असेल तर कार्ड जास्त सुकलंय. होलोमध्ये चित्राच्या बाजूला चमकीचा पातळ पापुद्रा असतो, तो पाणी पीत नाही. मागचा पुठ्ठा मात्र पितो आणि पसरतो. एक बाजू पसरली, दुसरी नाही, म्हणून वाक. साध्या कार्डाच्या दोन्ही बाजू सारख्याच पसरतात, ते सरळ राहतं.

होलो_९९
कडा वर आहेत, सगळ्यांच्या.

सह्याद्री_७
मग सिलिका जेल हेच उत्तर. डब्यात पाव किलो टाका, विषय संपला. नसेल तर भाजलेले तांदूळ पुरचुंडीत बांधून ठेवा, मिठाच्या बाटलीत घालतात तसे.

पुठ्ठा_आणि_शाई
सिलिका बरोबर, पण प्रमाण चुकतंय. हवा येते कुठून, या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. तीन लिटर हवेत पावसाळ्यातसुद्धा ग्रॅमच्या दहाव्या भागाइतकंही पाणी नसतं. पाणी आहे ते कार्डांत. एक कार्ड पावणेदोन ग्रॅमच्या आसपास, चाळीस म्हणजे सत्तर ग्रॅम पुठ्ठा. ८५ टक्के दमट हवेत राहिलेला पुठ्ठा ५० टक्क्यांवर आणायचा तर त्यातून साधारण तीन-साडेतीन ग्रॅम पाणी काढावं लागतं. पावसाळी दिवशी डबा बंद केलात, तेव्हा ते पाणी तुम्हीच आत कोंडलंत.

तेवढ्या पाण्याला वीस ग्रॅम सिलिका पुरते. पाव किलो टाकलीत तर डब्यातली आर्द्रता फार खाली जाईल आणि कार्डं उलट बाजूला वाकतील. तांदळाचा फारसा उपयोग नाही, ते लवकर ओलावतात. वर पीठ पडतं आणि पोरकिडे येतात.

क्रम असा ठेवा. डब्यात छोटा डिजिटल हायग्रोमीटर हवा. स्वस्त मीटर पाचेक टक्के सहज चुकतो, म्हणून आधी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखं भिजवा आणि मीटरसोबत झिप पिशवीत आठ-दहा तास ठेवा. मीटरने ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक दिसेल तेवढा नंतर मनात धरा. मग वीस ग्रॅम सिलिका कागदी पाकिटात घालून डब्यात ठेवा, कार्डांना टेकू देऊ नका. स्लीव्ह आणि टॉपलोडरमधून ओल हळू बाहेर येते, त्यामुळे दोन-तीन आठवडे धरून चाला. मीटर ४५ ते ५० मध्ये स्थिरावला की सिलिका काढा आणि ४९ टक्क्यांचं दुतर्फी पाऊच टाका, गिटारच्या दुकानात मिळतं. ते ओल घेतं आणि देतंही, त्यामुळे कार्ड अति सुकत नाही. पाऊच कडक झालं की बदलायचं. नारिंगी सिलिका गडद हिरवी झाली की स्टीलच्या ताटलीत पसरून ओटीजीमध्ये १२० अंशांवर दोन तास तापवा, पुन्हा वापरता येते.

वाक उरली तर वजन ठेवायचं ते ओलावा बसल्यावरच. ओल्या कार्डावर वजन ठेवलं तर काढल्यावर पुन्हा वाकतं. इस्त्री नको, तापल्यावर पापुद्रा सुटतो.

सह्याद्री_७
पाव किलोचं मागे घेतो. पण मग सरळ एसी खोलीत ठेवलं तर?

पुठ्ठा_आणि_शाई
एसी सतत चालू असेल तर चांगलंच. रात्रीपुरता असेल तर एक धोका आहे. बाहेर ३० अंश आणि ८५ टक्के असताना दव साधारण २७ अंशांवर धरतं. २४ अंशांवरचा डबा लगेच उघडलात तर थंड कार्डांवर पाणी जमेल. डबा बंदच ठेवून तासा-दोन तासांनी उघडा.

टोरांटोकर
आमच्याकडे उलट आहे. हिवाळ्यात हीटर चालू असतो, घरात २०-२५ टक्के. कार्डांचा मध्यभाग फुगतो. सिलिका तर अजिबात नको ना?

पुठ्ठा_आणि_शाई
नको. तुम्हाला फक्त दुतर्फी पाऊच आणि घट्ट डबा. स्लॅब केलेली, म्हणजे ग्रेडिंग होऊन ताठ प्लास्टिक केसमध्ये बंद केलेली कार्डंही डब्यात ठेवा, ते केस हवाबंद नसतात.

काचेची_पेटी
टॉपलोडरबद्दल माझं. ते ताठ पीव्हीसीचे असतात. जुन्या अल्बमच्या मऊ पीव्हीसी पानांतून तेलकट पदार्थ सुटतो, पान चिकट होतं, वास येतो. त्यात ठेवलेली कार्डं आजच काढा. टॉपलोडरमध्ये तो पदार्थ जवळपास नसतो, तरी वीस-तीस वर्षांसाठी मी महाग कार्ड अॅक्रिलिकच्या चुंबकी केसमध्येच ठेवते. जाडी बघून घ्या: ३५ पॉइंटची केस नुसत्या कार्डासाठी असते, स्लीव्हसह घातलं तर कडा दबतात. टॉपलोडरमध्ये मात्र स्लीव्हशिवाय कार्ड नको, आतला कणभर धुरळाही होलोवर ओरखडा काढतो. आधी लेन्सच्या ब्लोअरने फुंकर मारा. तोंड बंद करायला पेंटरची टेप वापरा आणि टोक दुमडून ठेवा. सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात टॉपलोडरला चिकटून राहतो. डब्यात डांबराच्या गोळ्याही नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं.

पुठ्ठा_आणि_शाई
टॉपलोडरबद्दल मी इतका घाबरत नाही. मध्ये पॉलिप्रोपिलीनची स्लीव्ह असतेच. पण यावर मतभेद राहणार.

होलो_९९
आणि भिंतीवरची दोन? यूव्ही रोखणारी केस घेतली तर चालेल?

काचेची_पेटी
केस अतिनील थांबवते, दिसणारा उजेड नाही, आणि शाई त्यानेही उडते. लाल आणि पिवळा आधी जातात. हिशोब उजेड गुणिले तास असा असतो. संग्रहालयात कागदासाठी ५० लक्स धरतात. रोज आठ तास धरले तर वर्षाला सुमारे दीड लाख लक्स-तास. खिडकीजवळच्या भिंतीवर हजार लक्स आणि सहा तास धरले तर तोच आकडा बावीस लाखांजवळ जातो. म्हणजे एका वर्षात पंधरा वर्षांचा उजेड. खिडकीकडे पाठ असलेली आतली भिंत निवडा आणि दर तीन महिन्यांनी कार्ड बदला. मी असते तर चांगली रंगीत प्रत लावली असती, मूळ कार्ड डब्यात.

होलो_९९
प्रत लावायला मन होत नाही. निदान बाहेरच्या भिंतीवर तरी लावत नाही, ती पावसात ओली असते. सिलिका आज टाकली, मीटर सध्या ७८.

पुठ्ठा_आणि_शाई
मिठाची चाचणी केली का? नसेल तर आधी ती करा, मग त्या ७८ वर विश्वास ठेवा.