मदत हवी आहे: मराठी शिकणाऱ्या माणसाला निरोप कसा लिहावा?

द्राक्षबाग_दिंडोरी:
आमच्या बागेत ओडिशाचे एक सुपरवायझर आहेत. हिंदी येतं, त्यामुळे देवनागरी वाचतात. मराठी शिकतायत आणि निरोप मराठीतच पाठवा म्हणतात. परवा मी लिहिलं: "पाऊस उघडल्याशिवाय वरच्या प्लॉटमधली राहिलेली फवारणी करायला घेऊ नका, पानं सुकली की मग बघा." त्यांनी भुरभुर सुरू झाल्यावर फवारणी केली. सगळं औषध धुऊन गेलं, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डावणी रोगाची भीती असतेच. चूक माझ्या लिहिण्याची आहे. कसं सुधारू?

गोदाकाठ:
वाक्यं छोटी करा, चार-पाच शब्दांची. आणि जड संस्कृत शब्द टाळा.

शिकवणी_कॉलेजरोड:
मी परप्रांतीयांना मराठी शिकवते. दादा, त्यांनी तुमचा निरोप नीटच वाचला. 'उघडणे' त्यांना दार उघडण्यापुरतं माहीत. मग पाऊस उघडला म्हणजे सुरू झाला, आणि सुरू झाल्याशिवाय फवारायचं नाही. त्यात 'शिवाय' आणि 'नका' असे दोन नकार एकावर एक. घडेल त्या क्रमाने लिहा: "आता पाऊस आहे. आता फवारणी करू नका. पाऊस थांबेल, पानं सुकतील. मग वरच्या प्लॉटमध्ये फवारणी करा."

गोदाकाठ, लांबीचं अर्धंच खरं आहे. "आवरून घ्या" दोनच शब्दांचं, पण नवख्याला अवघड. 'मग', 'म्हणून', 'कारण' काढून वाक्यं तोडली तर कशाचा कशाशी संबंध तेही कळत नाही. आणि ओडिया माणसाला 'उशीर'पेक्षा 'विलंब' लवकर कळतो, कारण तो शब्द त्यांच्याकडेही आहे. सांभाळायचं ते 'शिक्षा', 'चेष्टा' यांना. त्यांच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न.

सिडकोची_आई:
माझा मुलगा इंग्रजी माध्यमात आहे. 'एकोणचाळीस' म्हटलं की गोंधळतो. त्याला कोणतं पुस्तक देऊ?

शिकवणी_कॉलेजरोड:
ताई, पुस्तकासाठी वेगळा धागा काढा ना. पण आकड्याचं बरं आठवलं. दादा, औषधाचं प्रमाण अक्षरात नको, 39 असं अंकातच लिहा.

द्राक्षबाग_दिंडोरी:
निरोपाखाली मी "कळलं का?" विचारलं होतं. "हो" म्हणाले.

शिकवणी_कॉलेजरोड:
त्याला सगळेच हो म्हणतात. "फवारणी कधी करणार?" असं विचारा. "पानं सुकल्यावर" असं उत्तर आलं, तर कळलं.

गोदाकाठ:
पण असं सोपंच लिहीत राहिलात तर 'पाऊस उघडला' ते शिकणार कधी?

शिकवणी_कॉलेजरोड:
मी एका निरोपात एकच नवा शब्द घालते, ओळखीच्या शब्दाला लागून: "पाऊस थांबला, म्हणजे उघडला." पण फवारणीच्या निरोपात तेही करावं का, याबद्दल माझंच मन ठाम नाही.

द्राक्षबाग_दिंडोरी:
फवारणीत नको. जेवणाच्या सुट्टीत बोलताना सांगेन. आज नव्या पद्धतीने लिहिलं, तर त्यांनी उलट विचारलं, "खालची पानं पण सुकली पाहिजेत का?" हे मी लिहायलाच विसरलो होतो.