कुळाची जमीन, कलम 43 आणि बिगरशेतकऱ्याचा हक्क

पुणेकर_खरेदीदार: पैसे माझे, जमीन विकणाऱ्याची. माझ्या नावावर सातबारा नाही म्हणून कूळ कायद्याचं कलम 63 मला शेतजमीन घ्यायला का अडवतं? कर्नाटकने 2020 मध्ये ही अट काढली. आपण कधी काढणार?

दापोलीचा_कूळ: "जमीन विकणाऱ्याची" हे इतक्या सहज लिहिलंत, म्हणून उत्तर देतोय. 1 एप्रिल 1957 ला कृषक दिनी कसणारा मालक मानला गेला, पण जमीन फुकट मिळाली नाही. आजोबांनी कलम 32ग मध्ये ठरलेली किंमत हप्त्याहप्त्याने भरली, तेव्हा कुठे 32म चा खरेदीचा दाखला हातात पडला. तोवर प्रत्येक तारखेला तालुक्याला चालत जायचे. तुम्हाला ती फक्त एनए प्लॉट दिसते.

सातारी_माणूस: पण कुळाच्या जमिनीवर विक्रीचं बंधन घालणारा कलम 43 चा शेरा दहा वर्षांनी आपोआप जातो ना? मग कूळ कुणालाही विकू शकतं.

दापोलीचा_कूळ: आपोआप नाही. 2014 च्या दुरुस्तीने खरेदीनंतर दहा वर्षं झाली असतील तर कलेक्टरची परवानगी लागत नाही, पण शेतसाऱ्याच्या आकारणीच्या चाळीसपट नजराणा सरकारला भरावा लागतो. आमची आकारणी साडेसहा रुपये, म्हणजे नजराणा 260 रुपये. त्यानंतरही घेणारा शेतकरीच हवा. 43 सुटलं तरी 63 उभंच.

आजीची_नात: आमचं कोण ऐकणार? आजी जमिनीची मालकीण, 1957 ला विधवा होती, म्हणून कायद्याने कुळाची खरेदी लांबली. ती 1983 ला गेली. कुळाने मुदतीत खरेदीची मागणी केली नाही, तरी आज तेच कसतात. मुदत संपली ना?

दापोलीचा_कूळ: आजी गेल्याचं तुम्ही कुळाला लेखी कळवलंत का? 2019 च्या पडवे निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलंय, विधवेच्या वारसांनी कळवल्याशिवाय कुळाची मुदत धावत नाही.

आजीची_नात: तेराव्याला जेवून गेले ते! आणखी काय कळवायचं? आम्हाला चाळीस वर्षांत एक पायली भात नाही.

दापोलीचा_कूळ: जेवण म्हणजे नोटीस नव्हे. पण खंड बुडवणं चूक, ते मान्य. पावत्या शोधा, फेरफार काढा आणि वकिलाला दाखवा.

पुणेकर_खरेदीदार: विषय माझा होता. नियम पाळणारा अडतो आणि माझा सहकारी मेहुण्याच्या नावावर दोन एकर घेऊन मोकळा झाला.

दापोलीचा_कूळ: ही पळवाट आहे, तिथे तुमचं बरोबर. पण मेहुणा फिरला तर सहकारी काय दाखवणार? आणि दार सताड उघडलं, तर माझ्या वाडीत भाव तुमच्या पगारावर ठरेल. शेजारचा तुकडा माझ्या पोराने कशावर घ्यायचा?

सातारी_माणूस: पोरगं शेती करतंय का?

दापोलीचा_कूळ: आंबा करतो. यंदा फवारणीलाच कर्ज काढलंय.