संचालकांना निरोपाचे पत्र: 'कार्यमुक्त' की 'सेवानिवृत्त'?

महापेकर

आमची कंपनी महापे येथील औद्योगिक वसाहतीत असून मी तिच्या सचिव विभागात काम करते. आमचे एक संचालक अकरा वर्षांनंतर मंडळ सोडत आहेत. इतिवृत्त आणि निबंधकांकडे जाणारे कागद इंग्रजीतच होतात, परंतु मंडळाच्या वतीने त्यांना द्यायचे पत्र मराठीत, मोजक्या शब्दांत आणि भारदस्त असावे, अशी अध्यक्षांची इच्छा आहे. मसुदा मी असा केला आहे:

"आपण आमच्यातून जात आहात, हे नमूद करताना मंडळास अत्यंत दुःख होत आहे. आपला राजीनामा मंडळाने दि. ९ एप्रिलच्या सभेत मंजूर करून आपणास दि. ३१ मार्चपासून सर्व जबाबदाऱ्यांतून कार्यमुक्त केले आहे. आपण गेल्या अकरा वर्षांत घेतलेल्या निर्णयांची मंडळ दखल घेत आहे. आपल्या जाण्याने झालेली पोकळी कधीही भरून निघणार नाही. पुढील वाटचालीस शुभेच्छा."

त्यांचे राजीनामापत्र १२ मार्चचे आहे, ते कार्यालयात १४ मार्चला पोहोचले आणि '३१ मार्चच्या कामकाजाच्या अखेरीस' पद सोडत असल्याचे त्यात लिहिले आहे. माझा प्रश्न एवढाच आहे की येथे 'कार्यमुक्त' योग्य की 'सेवानिवृत्त'?

ऐरोलीकर

आपल्या प्रश्नाकडे नंतर येतो, कारण मसुदा वाचताना मला प्रथम शोकसभाच आठवली. 'आमच्यातून जाणे' आणि 'न भरून निघणारी पोकळी' हे दोन्ही प्रयोग मराठीत आता मृत्युलेखाच्या मालकीचे झाले आहेत, आणि त्यात 'अत्यंत दुःख' आल्यावर पत्राला फक्त काळी चौकट लावायची राहते.

'कार्यमुक्त' हा सरकारी बदलीचा शब्द आहे. कर्मचाऱ्याला एका कार्यालयातून सोडून दुसऱ्या कार्यालयात रुजू होण्यास पाठवतात, तेव्हा तो कार्यमुक्त होतो. अकरा वर्षे काम करून सन्मानाने जाणाऱ्या व्यक्तीला 'सेवानिवृत्त' म्हणावे, असे माझे मत आहे.

कळवेकर

मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार होतो. राजीनामा दिला, तर समितीने तीन महिने तो मंजूरच केला नाही आणि त्या काळातल्या प्रत्येक धनादेशावर माझीच सही लागत राहिली. त्यामुळे 'मंजूर' हा शब्द पत्रात ठळकपणे असलाच पाहिजे, नाहीतर त्या गृहस्थांचे माझ्यासारखेच हाल होतील. शिवाय निरोपाच्या सभेत शाल आणि श्रीफळ दोन्ही द्यावे. मला काहीच मिळाले नाही.

नौपाडकर

कंपनी सचिव म्हणून मी अशी पत्रे पुष्कळ लिहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

कळवेकरांचा अनुभव खरा आहे, पण तो सहकारी संस्थेचा आहे आणि तेथे संस्थेचे उपविधी पाहावे लागतात. कंपनीचा संचालक २०१३च्या कंपनी कायद्याच्या कलम १६८ प्रमाणे लेखी सूचना देऊन राजीनामा देतो, आणि ती मिळाल्यावर मंडळाने त्याची 'नोंद घ्यायची' असते. मंडळाच्या मंजुरीवर तो राजीनामा अवलंबून नसतो. सूचना कंपनीला मिळाली ती तारीख किंवा सूचनेत लिहिलेली तारीख, यांपैकी जी नंतरची, त्या तारखेला तो अमलात येतो. येथे १४ मार्च आणि ३१ मार्च यांपैकी नंतरची तारीख ३१ मार्च आहे. याचा अर्थ ९ एप्रिलला मंडळ बसले, तेव्हा हे गृहस्थ संचालक नव्हतेच. 'मंजूर करून कार्यमुक्त केले' असे लिहिल्यास आधीच सुटलेल्या माणसाला मंडळ नऊ दिवसांनी सोडत आहे, असा चमत्कारिक अर्थ निघतो.

'सर्व जबाबदाऱ्यांतून' हे शब्द तर काढूनच टाका, कारण संचालक गेला तरी त्याच्या कार्यकाळात घडलेल्या अपराधांचे दायित्व त्याच्यावर राहते, असे तेच कलम सांगते. जी मुक्ती देणे मंडळाच्या हाती नाही, ती सौजन्यापोटीसुद्धा देऊ नये. उद्या काही वाद उभा राहिला, तर हेच पत्र पुढे करून 'मला मुक्त केले होते' असे म्हटले जाईल.

आता 'सेवानिवृत्त'. ऐरोलीकरांचे 'कार्यमुक्त'बद्दलचे म्हणणे बरोबर आहे, परंतु त्यांचा पर्याय येथे लागू पडत नाही. हे संचालक पगारी कार्यकारी होते, की केवळ बैठकीचा भत्ता घेणारे?

महापेकर

केवळ बैठकीचा भत्ता घेणारे होते. लेखापरीक्षण समितीचे अध्यक्षपद मात्र सहा वर्षे त्यांच्याकडे होते.

नौपाडकर

मग 'सेवानिवृत्त' नकोच, कारण त्यांची नोकरीच नव्हती. ते पूर्णवेळ संचालक असते, तर पद आणि नोकरी अशा दोन गाठी वेगवेगळ्या सोडवाव्या लागल्या असत्या आणि नोकरीच्या बाबतीत कराराच्या अटी पाहाव्या लागल्या असत्या. नुसते 'निवृत्त' लिहिण्यातही घोटाळा आहे. कंपनीच्या व्यवहारात वार्षिक सर्वसाधारण सभेत पाळीने निवृत्त होणारे संचालक असतात आणि ते पुन्हा निवडले जाण्यास पात्र असतात. राजीनामा देणाऱ्यास 'निवृत्त' म्हटले, की वाचणाऱ्याला ती पाळीची निवृत्ती वाटते. 'पायउतार' वर्तमानपत्रांनी इतका वापरला आहे, की त्यातून कोणीतरी खाली ओढल्याचा भास होतो. मी साधे 'आपण संचालकपद सोडले' असे लिहीन.

एक बारकावा तारखेचाही आहे. '३१ मार्चपासून' म्हटल्यास ३१ मार्चचा दिवस आत की बाहेर, हे कळत नाही, आणि त्या दिवशी त्यांनी वार्षिक हिशेबाच्या एखाद्या कागदावर सही केली असेल, तर हा प्रश्न पोकळ राहत नाही. त्यांच्याच राजीनामापत्रातले 'कामकाजाच्या अखेरीस' हे शब्द जसेच्या तसे घ्यावेत. निबंधकांकडचा डीआयआर-१२ अर्ज सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत जायचा असतो. ते दिवस १४ मार्चपासून मोजा, बैठकीपासून मोजू नका.

ऐरोलीकर

'सेवानिवृत्त' मागे घेतो. मात्र 'नोंद घेतली' हे मला फार कोरडे वाटते. तक्रारीच्या अर्जाचीही नोंदच घेतात. महापेकरांच्या 'दखल'ला तर चौकशीचाच वास आहे. अकरा वर्षांच्या कामाची 'दखल घेत आहोत' हे वाचून ते गृहस्थ वकिलाकडे जातील.

नौपाडकर

'दखल'बद्दल पूर्ण सहमत. 'नोंद' मात्र राजीनाम्यासाठी राहू द्या आणि कामासाठी वेगळे क्रियापद घ्या: राजीनाम्याची नोंद घेतली, कृतज्ञता व्यक्त केली. एकाच वाक्यात दोन्ही कोंबली, की कोरडेपणा कृतज्ञतेला लागतो. 'आम्ही आपले ऋणी आहोत' हेही टाळावे. एका कंपनीत संचालकाने खरोखरच कंपनीला पैसे उसने दिले होते आणि ते वाक्य वाचून लेखापरीक्षकांनी मला बाकी किती आहे, हे गमतीने का होईना, विचारले होते.

महापेकर

तिसरे वाक्य कसे सुधारावे, हे कळत नाही. रबाळेचा भाड्याचा गाळा सोडून महापेच्या स्वतःच्या जागेत येताना दुसरे कर्ज काढू नये, असा त्यांचा आग्रह होता आणि पुढे तोच योग्य ठरला. हे पत्रात यावे, असे अध्यक्षांना वाटते. म्हणून मी 'आपण घेतलेले निर्णय' असे लिहिले होते.

नौपाडकर

येथे मराठीचा 'आपण' फसवतो. 'आपण घेतलेले निर्णय' म्हणजे तुम्ही घेतलेले, की तुम्ही-आम्ही मिळून घेतलेले? बोलताना संदर्भावरून समजते, कागदावर समजत नाही. शिवाय निर्णय मंडळ घेते, एकटा संचालक घेत नाही. तेव्हा सल्ला त्यांचा आणि निर्णय मंडळाचा, असे स्पष्ट लिहा. आदरार्थी 'आपण' त्यांच्यासाठी राखून ठेवा आणि स्वतःकडे 'आम्ही' न घेता सगळीकडे 'मंडळ' म्हणा, म्हणजे गोंधळ आपोआप मिटेल. 'सभा'ऐवजी 'बैठक' लिहा, कारण कंपनीत सभा भागधारकांची असते.

कळवेकर

आणि नारळाचे काय?

ऐरोलीकर

श्रीफळ जरूर द्यावे. फक्त पत्रात 'नारळ दिला' असे लिहू नये.

महापेकर

सर्वांच्या सूचनांनंतरचा मसुदा असा झाला आहे:

"विषय: कृतज्ञता.

आपल्या दि. १२ मार्चच्या पत्रानुसार आपण दि. ३१ मार्च रोजी कामकाजाच्या अखेरीस कंपनीचे संचालकपद सोडले. मंडळाने दि. ९ एप्रिलच्या बैठकीत याची नोंद घेतली.

अकरा वर्षे आपण मंडळावर होता आणि त्यांपैकी सहा वर्षे लेखापरीक्षण समितीचे अध्यक्षपद आपल्याकडे होते. रबाळेहून महापेस स्थलांतर करताना नवे कर्ज न काढण्याचा सल्ला आपण दिला आणि मंडळाने तो मानला. त्या सल्ल्याचे मोल मंडळास पुढील प्रत्येक वर्षी जाणवले.

याबद्दल मंडळ आपल्याविषयी मनःपूर्वक कृतज्ञता व्यक्त करते आणि आपणास उत्तम आरोग्य चिंतते.

संचालक मंडळाच्या वतीने, अध्यक्ष."

वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी 'पुढील वाटचाल' उगाच वाटली, म्हणून ती मी काढली.

नौपाडकर

उत्तम. राजीनाम्याचे कारण लिहिले नाही, हेही बरे केले. कारण त्यांच्या पत्रात असेल तेवढेच, मंडळाने त्यात भर घालू नये. 'प्रत्येक वर्षी' हे ताळेबंदाशी जुळते ना, तेवढे लेखा विभागाकडून पाहून घ्या.

ऐरोलीकर

विषयाच्या ओळीबद्दल माझी तक्रार कायम आहे. 'कृतज्ञता' वाचून देणगीची पावती वाटते. 'निरोप' का नको?

महापेकर

कारण 'संचालक मंडळाचा निरोप' हे वाचून आमच्या शिपायाने मला विचारले, की निरोप काय आहे आणि तो कोणाला द्यायचा.

ऐरोलीकर

तर मग 'निरोपपत्र' लिहा. त्या शब्दात शिपायाची शंका उरत नाही.

नौपाडकर

शंका उरत नाही हे खरे, पण त्यात पत्र देणाऱ्याने निरोप दिला असा सूर येतो आणि येथे पद सोडण्याचा निर्णय त्यांचा आहे. मी विषयाची ओळच गाळली असती. त्यांच्या नावाखाली सरळ मजकूर सुरू करावा.

महापेकर

अध्यक्षांना विषयाशिवाय पत्र चालत नाही. दोन्ही प्रती त्यांच्यापुढे ठेवते.