१० मिमी प्लेटमधून ४४ नग की ४८? प्लाझ्मा नेस्टिंगसाठी मदत हवी आहे

अंबड_फॅब
नमस्कार मंडळी. नाशिकला अंबडमध्ये प्लाझ्मा मशीन आहे. शीट २५०० × १२५०, १० मिमी एमएस. ३०० × २०० च्या साध्या बेस प्लेट कापायच्या आहेत. गॅप १० आणि कडेला १० सोडलं, तर ३०० ची बाजू शीटच्या लांबीत ठेवून ४० नग बसतात, फिरवून ठेवली की ४४. गॅप ७ केला तर संगणकावर चक्क ४८! चालेल का?

कटिंगवाला
गॅप हवाच कशाला? सगळं कॉमन कट करा. एका रेघेत दोन नग सुटतात, पिअर्सिंगही वाचतं.

सातपूरकर
पिअर्सिंग वाचतं हे खरं, पण प्लाझ्मावर सगळी शीट जोडून कापू नका. वायू गोल फिरत येतो, त्यामुळे टॉर्चच्या चालीच्या उजवीकडची कड काटकोनात आणि डावीकडची तिरकी येते. एकच रेघ मारली की तिरकी कड कोणाच्या तरी वाट्याला येणारच.

७ मिमीचंही तेच. कर्फ अडीच मिमी धरला तर दोन्ही बाजूंचे मिळून ५ गेले, मध्ये राहिली २ मिमीची पट्टी. ती तापून वाकते, वर येते आणि टॉर्चला अडते.

मधला मार्ग म्हणजे जोड्या. ३०० ची बाजू सामाईक ठेवा. जोडीची रुंदी ४०२.५, दोन जोड्यांत १०. सहा जोड्या, पाच गॅप आणि दोन्ही कडा मिळून २४८५ होतात. चार ओळींत ४८ नग, पिअर्सिंग २४. मात्र रुंदीत ३०० चे चार नग, तीन गॅप आणि कडा मिळून बरोबर १२५० भरतात. शीट जराशी तिरकी लागली की शेवटची ओळ गेली. तिथे गॅप ८ करा, ६ मिमी हाताशी राहतील.

लेसर_ऑपरेटर
आम्ही ३ मिमीला गॅप ३ ठेवतो. लहान नग उभे राहून हेडला लागतात, म्हणून मायक्रोजॉइंट देतो. तुम्हीही द्या.

सातपूरकर
दादा, तो पातळ पत्र्याचा, लेसरचा हिशेब. इथे एकेक नग पावणेपाच किलोचा आहे, आणि प्लाझ्मावर अर्ध्या मिमीचा जॉइंट टिकत नाही.

अंबड_फॅब
सामाईक रेघ आधी मारू की शेवटी?

सातपूरकर
आधी, गॅपमधून आत शिरून. मग घड्याळाच्या दिशेने डावा नग, तसंच पुढे उजवा. पण रेघ कापलेल्या फटीजवळ आली की व्होल्टेज चढतं, हाइट कंट्रोलला टॉर्च उंच गेल्यासारखं वाटतं आणि तो तिला खाली दाबतो. त्या टप्प्यात हाइट कंट्रोल बंद ठेवा.

गसेटताई
४४ वर थांबलात तर शेवटी १७० × १२३० ची पट्टी उरते. १५० × १०० चे ११ तुकडे निघतात. त्याच जाडीचे गसेट लागत असतील, तर मी ४४ च घेईन.

अंबड_फॅब
गसेट आहेत, पण १२ मिमीचे. आता गिऱ्हाइकाला विचारतो, एक कड तिरकी चालेल का. ती बाजू वेल्डिंगमध्ये जात असेल तर जोड्याच लावतो.