"नाही म्हणतेय म्हणजे विचार करतेय": हे पोरं कुठून शिकतात?

सांजवात:
माझा भाचा दहावीत आहे. क्लास सुटला की एका मुलीच्या मागे सायकलवर तिच्या गल्लीपर्यंत जातो. दोन महिने हे चाललंय आणि मला त्याच्या मित्राच्या आईकडून कळलं. विचारलं तर म्हणाला, "मावशी, ती नाही म्हणालीय, पण विचार करतेय. पिक्चरमध्ये आधी सगळ्याच नाही म्हणतात." पोरगा वाईट नाही हो, घरात सगळ्यांची कामं धावून करतो. सिनेमा खरंच हे शिकवतो, की आपण उगाच त्याच्यावर खापर फोडतो? आणि याच्याशी बोलायचं कसं?

कातरजोड:
मी पंधरा वर्षं संकलन करतोय, त्यामुळे टेबलावर हे कसं घडतं तेवढं सांगतो. पटकथेत अनेकदा एकच ओळ असते: तो तिच्या मागे जातो, ती टाळते, गाणं. त्या गाण्यात चार-सहा महिने बसवायचे असतात. मुखड्यात ती कपाळाला आठ्या घालून चाललेली, पहिल्या कडव्यात मैत्रिणी एकमेकींना कोपर मारतायत, दुसऱ्या कडव्यात ती वळून बघते आणि ओठाच्या कोपऱ्यात हसू. ते हसू कधीकधी दुसऱ्याच प्रसंगातून उचललेलं असतं. मी स्वतः उचललेलं आहे. ती नटी तेव्हा मैत्रिणीच्या बोलण्यावर हसत होती, मी त्याच्या शॉटनंतर लावलं आणि ती त्याच्यावर हसली असं झालं.

खऱ्या आयुष्यात त्या सहा महिन्यांत मुलगी रोज घरातून निघताना गल्लीच्या टोकाला आधी डोकावते. गाण्यात ते सहा महिने चार मिनिटांचे होतात आणि भीतीला जागाच उरत नाही. तुमच्या भाच्याला "नाही" आणि "हो" यांच्यामधला काळ कधी दिसलेलाच नाही. त्याला वाटतं मध्ये फक्त गाणं असतं.

जुना प्रेक्षक:
वय 67. आमच्या पिढीने नायिकेच्या टांग्यामागे, सायकलमागे, आगगाडीमागे गाणी म्हणणारे नायक पाहिले. शिट्ट्या मारल्या, गाणी पाठ केली. पण मी कुणाच्या मागे गेलो नाही, माझे मित्रही गेले नाहीत. कारण घरी वडील होते आणि कोपऱ्यावर पानवाला होता, तो संध्याकाळी वडिलांना सगळं सांगायचा. सिनेमाने माणूस बिघडत असता तर आम्ही सगळे बिघडलो असतो. घर सुटलं, शेजार सुटला, म्हणून हे होतंय.

मोगरी:
काका, तुमचे मित्र गेले नाहीत हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या वर्गातल्या मुलींना विचारलं होतं का?

मी तालुक्याच्या कॉलेजला एसटीने जायचे. एक मुलगा वर्षभर त्याच बसला यायचा. बोलायचा नाही, हात लावायचा नाही, फक्त माझ्या मागच्या सीटवर बसायचा. मी सव्वासातची बस सोडून पावणेसातची धरली, तर आठवड्याने तो तिच्यात. मैत्रिणी म्हणायच्या, "किती प्रेम करतो बघ, काही बोलतसुद्धा नाही." आज मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की तीन-चार महिने मलाही तसंच वाटलं. पोटात गोळा यायचा आणि मी स्वतःला समजवायचे की प्रेमात असंच धडधडतं. भीतीला भीती म्हणायला मला कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी आईला सांगितलं तर तिने कॉलेजच बदलायला लावलं. तो त्याच कॉलेजातून पदवीधर झाला.

सांजवात, त्या मुलीचा क्लास सुटणार नाही एवढं आधी बघा. भाचा नंतर.

पडताळा:
सिनेमाचा परिणाम होतो की नाही यावर अभ्यास झालेले आहेत, पण ते दोन्ही बाजूंना जातात.

अमेरिकेत ज्युलिया लिपमन यांनी स्त्रियांच्या वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे चित्रपट दाखवले. काहींत पिच्छा पुरवणं गोड प्रेम म्हणून दाखवलेलं, काहींत तेच भीतीदायक. गोड बाजू पाहिलेल्यांपैकी ज्यांना ती गोष्ट खरी वाटली किंवा ज्या तिच्यात हरवून गेल्या, त्या "पाठलाग म्हणजे एवढं काही गंभीर नाही" या मताकडे जास्त झुकल्या. भीतीदायक बाजू पाहिलेल्यांचं मत उलट दिशेने गेलं. म्हणजे कृती तीच, मांडणी बदलली की मत बदलतं.

आपल्याकडचा अभ्यास रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांचा, 2009 साली छापलेला. बिहार, हरियाणा, तमिळनाडू, गोवा आणि दिल्ली इथली कुटुंबं त्यांनी 2001 ते 2003 या काळात पाहिली. गावात केबल आल्यावर "नवऱ्याने मारलं तर चालतं" म्हणणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा आग्रहही कमी झाला. ज्या सासू-सुनांच्या मालिकांना आपण नावं ठेवतो, त्यांत शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, स्वतःच्या मनाने वागणाऱ्या बायका होत्या. खेड्यातल्या बाईला ते नवीन होतं.

म्हणून जुना प्रेक्षक अर्धे बरोबर आहेत. पडदा एकटा माणूस घडवत नाही. पण ज्या गोष्टीचा घरात उच्चारही होत नाही तिथे पडद्याचंच ऐकलं जातं, आणि प्रेमाबद्दल आपल्या घरात कोण काय बोलतं?

दक्षता_५:
सगळा दोष मोबाइलवरच्या मालिकांतल्या उघड्या दृश्यांचा आहे. सेन्सॉर बोर्डाने आता 7, 13 आणि 16 वयाच्या पायऱ्या केल्यात, पण मोबाइलवर कोण बघतं? मुलाचा फोन काढून घ्या, प्रश्न मिटेल.

कातरजोड:
दक्षता, प्रश्न उघड्या दृश्यांचा नाहीच. सांजवातच्या भाच्याने जे उचललंय ते अख्ख्या कुटुंबाने एकत्र बसून पाहिलेल्या सिनेमातून. 2013 सालचा रांझणा घ्या. बनारसचा कुंदन शाळेपासून झोयाच्या मागे. ती थोबाडीत मारते, तो पुन्हा येतो. तिच्यासमोर मनगट कापून घेतो. काही वर्षांनी ती गावी परतते तेव्हा तिला तो ओळखूही येत नाही. यात कपडे उतरवलेलं एकही दृश्य लागत नाही.

जुना प्रेक्षक:
पण त्यात तो मरतो ना शेवटी? तिचं प्रेम मिळत नाहीच. मग सिनेमाने पाठलागाला बक्षीस कुठे दिलं?

कातरजोड:
हा मुद्दा खरा आहे आणि दिग्दर्शकाच्या बाजूने बोलायचं तर हाच बोलावा. पण गोष्ट सांगतो कोण? कुंदनचा आवाज. पहिल्यापासून शेवटच्या श्वासापर्यंत आपण त्याच्या डोक्यात बसलेलो असतो. त्याला थप्पड बसते तेव्हा आपल्याला लागतं. ती गल्लीतून घरी गेल्यावर दाराला कडी लावून काय करते, हे आपण बघत नाही. तो मेल्यावर थिएटर रडतं आणि राग तिचा येतो. बक्षीस मुलगी मिळण्यातच असतं असं नाही. सगळ्यांनी तुमच्यासाठी रडणं हे पंधरा वर्षांच्या मुलाला पुरेसं बक्षीस आहे.

खडूफळा:
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, आठवी ते दहावी. उपदेश केला की पोरं माना हलवतात आणि तिथेच संपतं, म्हणून मी तीन तासिकांत एक प्रकार करते.

पहिल्या दिवशी पाठलागाचं एक गाणं आवाज बंद करून लावते. कोणतंही चालतं, मुलांनाच निवडू देते. मुलांनी फक्त मुलीकडे बघायचं आणि ती प्रत्येक वेळी काय करते ते वहीत लिहायचं: चालण्याचा वेग वाढवला, पुस्तक छातीशी धरलं, मैत्रिणीच्या पलीकडे गेली. गेल्या वर्षी एका मुलाने लिहिलं, "बाई, ही पळतेय." आवाज चालू असताना त्याला ती लाजतेय असं वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी तेच गाणं, पण त्याखाली भीतीच्या सिनेमाचं संगीत. वर्गात चिडीचूप होते.

तिसऱ्या दिवशी त्या मुलीची त्या रात्रीची डायरी लिहायची, मुलांनीच. इथे मात्र गडबड होऊ शकते. पहिल्यांदा केलं तेव्हा निम्म्या मुलांनी लिहिलं, "आज तो आला नाही, मला करमलं नाही." मी रागावले आणि तिथेच चुकले, नंतर कुणी खरं लिहिलंच नाही. आता मी एवढंच विचारते, की हे तुला तिच्या कोणत्या हालचालीवरून कळलं? वही उघड आणि दाखव. तिथे मुलं स्वतःच अडतात.

सांजवात, भाच्याला त्याच्या मुलीबद्दल आत्ता काही विचारू नका, तो बचावाला उभा राहील. आधी पडद्यावरच्या मुलीबद्दल विचारा.

रानवारा:
मग सैराटचं काय करायचं बाई? परश्या विहिरीत उडी मारतो तोही आर्चीला बघायलाच. आमच्या गावात मुलांनी तेच केलं.

खडूफळा:
त्यावरून आमच्या वर्गात दर वर्षी भांडण होतं आणि मी निकाल देत नाही. फरक आहे असं मला वाटतं: पुढे वर्गात आर्ची त्याच्याकडे टक लावून बघते आणि मान त्याला खाली घालावी लागते. तिला काय हवंय ते ती कॅमेऱ्यासमोर स्वतः ठरवते. पण विहिरीत उडी पडते त्या क्षणी हे त्याला ठाऊक नसतं. गेल्या वर्षी एका मुलीने विचारलं, "बाई, आर्चीला तो आवडला नसता तर ती विहीर कोणाची राहिली असती?" माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मोगरी:
आणि भाच्याला कायद्याचंही सांगा, धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावर पुन्हा पुन्हा मागे जाणं हा 2013 पासून वेगळा गुन्हा आहे. आधी भारतीय दंड संहितेत 354ड कलम होतं, आता भारतीय न्याय संहितेचं 78. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा. त्याला वाटतं तो फक्त सायकल चालवतोय.

सांजवात:
तीन आठवड्यांनी लिहितेय. मोगरी म्हणाली तसं आधी मुलीच्या आईला फोन केला. मुलगी महिनाभर क्लासहून येताना वडिलांना बोलावून घेत होती, कारण सांगत नव्हती. मी माफी मागितली. त्या थंडपणे "बरं" म्हणाल्या, त्यांचं बरोबरच आहे.

मग शनिवारी भाच्यासोबत टीव्हीचा आवाज बंद करून त्याच्याच आवडीचं गाणं लावलं. पहिल्यांदा हसत होता. दुसऱ्यांदा लावल्यावर म्हणाला, "ही मागे का बघतेय सारखी?" मी म्हटलं, तूच सांग. बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "तीपण तशीच बघते. मला वाटायचं मी येतोय की नाही ते बघते."

सायकल आता दुसऱ्या रस्त्याने जाते. पण काल विचारत होता, तिला एकदा सॉरी म्हणायला जाऊ का. जावं का त्याने?

मोगरी:
नाही. तिला त्याचं सॉरी ऐकायला पुन्हा थांबावं लागेल.

खडूफळा:
मला वाटतं चिठ्ठी चालेल, तिच्या आईच्या हातून, आणि उत्तराची अपेक्षा न ठेवता.

मोगरी:
मला तीसुद्धा नको होती.