प्रेस शॉपच्या तक्त्यावर 'न्यूट्रल अ‍ॅक्सिस' मराठीत लिहायचा का?

क्वालिटीवाली, चाकण: बेंडिंग मशीनजवळ मराठी तक्ता लावायचाय. स्प्रिंगबॅकला 'प्रत्यास्थ प्रत्यागमन', बेंड रेडियसला 'वाक त्रिज्या' आणि न्यूट्रल अ‍ॅक्सिसला 'मध्यरेषा' असे शब्द काढलेत. चालतील का?

टूलरूम, भोसरी: ताई, 'मध्यरेषा' आधी खोडा, त्यानं माल रिजेक्ट होईल. पत्रा वाकताना बाहेरून ताणला जातो, आतून दाबला जातो. ज्या थराची लांबी तशीच राहते तो मधोमध नसतो, तंग बेंडमध्ये आत सरकतो. 2 मिमी पत्रा, आतली त्रिज्या 2, बेंड 90 अंश. आमच्या ट्रायलमध्ये सीआरसीएला तो थर आतून 0.84 मिमीवर धरला की माप जुळतं. मग बेंडची लांबी 1.57 × 2.84, म्हणजे 4.46. मध्य धरून 1 मिमी घेतलात तर 4.71. चार बेंडच्या पीसला ब्लँक 1 मिमी लांब कापला जातो आणि ती सगळी चूक शेवटच्या फ्लँजवर निघते. 'न बदलणारी रेषा' लिहा.

सेटर, पिंपरी: मला हा खटाटोपच पटत नाही. ड्रॉइंग इंग्रजीत, निम्मी पोरं हिंदी बोलणारी. उद्या कस्टमर ऑडिटला आला आणि पोरानं 'न बदलणारी रेषा' म्हटलं तर? आणि रेडियसला वेगळा शब्द कशाला? पंचाच्या टोकाला जी गोलाई, तीच पत्र्याला येते.

टूलरूम, भोसरी: ऑडिटचं म्हणणं खरं आहे, दादा. पण गोलाईचं तुमचं फक्त पंच तळाशी दाबून बेंड काढताना खरं. एअर बेंडिंगमध्ये ती डायच्या तोंडावर ठरते. माइल्ड स्टीलला 12 च्या व्हीवर साधारण 2 येते, 16 च्या व्हीवर अडीच, पंचाचं टोक 1 चं असलं तरी. म्हणून 'पंचाची गोलाई' नको, 'बेंडची आतली गोलाई' लिहा.

ऑपरेटर, रांजणगाव: आमचा एसएस 304 चा दीड मिमी पत्रा 90 ला दाबला तरी गुण्या लावल्यावर 92-93 दिसतो. आम्ही म्हणतो, पत्रा उघडला. किती जास्त दाबायचा ते तक्त्यावर देणार का?

टूलरूम, भोसरी: 87-88 पर्यंत दाबून सोडा आणि पहिला पीस मोजा. पण हा आकडा तक्त्यावर छापू नका. कॉइल बदलली किंवा गोलाई वाढली की पत्रा वेगळा उघडतो.

क्वालिटीवाली, चाकण: मग 'स्प्रिंगबॅक: दाब सुटल्यावर पत्रा उघडणं' असं लिहिते. ड्रॉइंगवरचा शब्द ठळक, खाली मराठी.

सेटर, पिंपरी: ठळक इंग्रजी असेल तर हरकत नाही. पण 'न बदलणारी रेषा' नकोच. ती रेषा पोराला पत्र्यावर कुठं दाखवणार?

टूलरूम, भोसरी: कापलेल्या कडेवर. ब्लँकच्या कडेला जाडीत समान अंतरावर बारीक रेघा ओढा, वाकवा आणि कुठली रेघ लांबली, कुठली आखडली ते बघू द्या. 2 मिमीत दिसणार नाही, 6 मिमीचा तुकडा घ्या.

सेटर, पिंपरी: सोमवारी करून बघतो. शब्दाचं मात्र अजून पटलेलं नाही.